अधोरेखित पर्यायांचा परिच्छेद: काळ आणि प्रयोग जुळवण्याची पद्धत

मराठीच्या पेपरात एक छोटा परिच्छेद दिलेला असतो. त्यातले काही शब्द अधोरेखित असतात, प्रत्येकाखाली चार पर्याय असतात आणि परिच्छेद सुसंगत करा असे सांगितलेले असते. व्याकरण पक्के असलेली मुलेही यात गुण घालवतात, कारण ती अधोरेखित भागावर थेट उडी मारतात, चार पर्याय त्या एकाच वाक्यात घालून पाहतात आणि कानाला बरा वाटेल तो निवडून पुढे जातात. हे प्रश्न रचणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे चारपैकी दोन पर्याय त्या एकट्या वाक्यात बिनचूक बसतील अशीच त्याची रचना असते, आणि त्या दोघांतला निवाडा भोवतालच्या वाक्यांवरून करावा लागतो.

खालचा परिच्छेद शेवटपर्यंत सोडवू. अधोरेखित भागांआधी इथे कंसात क्रमांक दिले आहेत. प्रत्येक ठिकाणी पर्याय (अ) म्हणजे 'बदल नको'.

> १२ मार्चला सकाळी पाणीपुरवठा समिती टेकडीवरच्या टाकीपाशी (१) पोहोचते. ही टाकी गावाच्या उत्तरेला (२) होती आणि तिच्यातून आजही तीन वाड्यांना पाणी जाते. समितीने प्रथम टाकीच्या भिंतींची (३) पाहणी करण्यात आली. आदल्या आठवड्यातल्या वादळात टाकीचे झाकण (४) उडाले आणि तेव्हापासून आत पालापाचोळा पडत होता. सदस्यांनी पाण्याचे दोन नमुने घेतले आणि त्याच दुपारी ते प्रयोगशाळेकडे (५) पाठवले जातात. झाकण बसवणाऱ्या कामगाराला समितीने तिथेच (६) बोलावला. अध्यक्ष म्हणाले की अहवाल येईपर्यंत या पाण्याचा वापर (७) बंद होता. संध्याकाळी समिती गावात परतली.

१. (अ) पोहोचते (ब) पोहोचली (क) पोहोचली आहे (ड) पोहोचत असे
२. (अ) होती (ब) आहे (क) असे (ड) असेल
३. (अ) पाहणी करण्यात आली (ब) पाहणी केली (क) पाहणी करत होती (ड) पाहणी झाली
४. (अ) उडाले (ब) उडाले होते (क) उडते (ड) उडवले गेले
५. (अ) पाठवले जातात (ब) पाठवले (क) पाठवण्यात आले (ड) पाठवले होते
६. (अ) बोलावला (ब) बोलावले (क) बोलावण्यात आले (ड) बोलावते
७. (अ) बंद होता (ब) बंद राहील (क) बंद राहणार होता (ड) बंद राहिला

## तयारी: आधी एक गैरसमज काढून टाका

'सगळ्या परिच्छेदात एकच प्रयोग ठेवायचा' हा नियम अनेकांनी पाठ केलेला असतो. मराठीत तो चालत नाही. ही तीन वाक्ये पाहा:

समिती टाकीपाशी पोहोचली.
समितीने पाहणी केली.
समितीने कामगाराला बोलावले.

पहिले वाक्य कर्तरी, दुसरे कर्मणी आणि तिसरे भावे. तरीही तिन्ही एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. तिन्हींत काम करणारी समितीच आहे, ती वाक्यात उघड दिसते आणि काळही एकच आहे. पहिल्या वाक्यातले क्रियापद अकर्मक म्हणून ते कर्त्याप्रमाणे चालले. दुसऱ्यात सकर्मक क्रियापद भूतकाळात आले, म्हणून कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापद 'पाहणी'प्रमाणे बदलले. तिसऱ्यात कर्मालाही 'ला' लागला, मग क्रियापदाने कोणाशीच नाते ठेवले नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबले. हे सगळे आपोआप घडते. 'समिती पाहणी करते' हे वाक्य साध्या भूतकाळात नेले की ते कर्मणी होणारच, तिथे निवड करायला वाव नसतो.

वाव असतो तो दुसऱ्या ठिकाणी. काम करणारा समोर ठेवायचा (समितीने पाहणी केली) की मागे ढकलायचा (पाहणी करण्यात आली, पाहणी केली गेली), हे लिहिणारा ठरवतो. या मांडणीत सातत्य लागते. म्हणून कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे बाजूला ठेवून प्रत्येक वाक्याला एवढेच विचारा: काम करणारा दिसतो की लपवला आहे?

## पायरी १: पर्याय झाका आणि पक्की क्रियापदे शोधा

पर्यायांवर हात किंवा कोरा कागद ठेवा. परिच्छेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा आणि जी क्रियापदे अधोरेखित नाहीत त्यांनाच गोल करा. ती बदलण्याची मुभा नाही, म्हणून ती बरोबरच धरायची. बाकी सगळे त्यांच्याशी जुळवायचे.

आपल्या परिच्छेदात अशी पाच क्रियापदे आहेत: *जाते, पडत होता, घेतले, म्हणाले, परतली*.

याच वाचनात काळ दाखवणारे शब्दही टिपून ठेवा: *१२ मार्चला, आजही, आदल्या आठवड्यातल्या, तेव्हापासून, त्याच दुपारी, येईपर्यंत, संध्याकाळी*. क्रियापदांइतकेच हे शब्द कामाचे आहेत. 'आजही' वाचनात निसटला तर दुसरा प्रश्न हमखास चुकतो.

सावधान: अधोरेखित भागातले छापील रूप काळ ठरवताना अजिबात धरू नका. (१) मधले 'पोहोचते' हे परिच्छेदातले पहिले क्रियापद आहे. त्यावरून 'परिच्छेद वर्तमानकाळात आहे' असे मनात बसले की पुढची सगळी उत्तरे त्या बाजूला कलतात. पहिले वाक्य अधोरेखित असेल तर ते सर्वात शेवटी सोडवा.

## पायरी २: मुख्य काळ ठरवा

गोल केलेल्या क्रियापदांपैकी कथेला पुढे नेणारी कोणती, ते पाहा. *घेतले, म्हणाले, परतली* ही तिन्ही एकामागून एक घडलेल्या गोष्टी सांगतात आणि तिन्ही साध्या भूतकाळात आहेत. म्हणजे मुख्य काळ साधा भूत.

*पडत होता* हा अपूर्ण भूतकाळ आहे. तो कथा पुढे नेत नाही, मागे काय चालले होते ते दाखवतो. *जाते* हा वर्तमानकाळ आहे, पण त्याच्याआधी 'आजही' आहे. ही दोन्ही रूपे मुख्य काळाला धक्का लावत नाहीत. काळाची सुसंगती म्हणजे सगळी क्रियापदे एकाच रूपात असणे नव्हे. प्रत्येक क्रियापदाचा मुख्य काळाशी संबंध सांगता आला पाहिजे.

तपासणी: मुख्य काळाची निदान दोन पक्की क्रियापदे दाखवता येतात का? एकच सापडले तर काळ दाखवणाऱ्या शब्दांचा आधार घ्या. एकही सापडले नाही तर तुम्ही अधोरेखित भागांवरून अंदाज बांधत आहात, पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

गोष्ट सांगताना भूतकाळातल्या घटना वर्तमानात मांडायची पद्धत मराठीत आहे: 'महाराज गडावर पोहोचतात, दरवाजा उघडतो'. तो दोष नाही. पण मग पक्की क्रियापदेही त्याच रूपात असायला हवीत. आपल्या परिच्छेदात ती तशी नाहीत.

## पायरी ३: कर्त्याचा प्रत्यय पाहा आणि मगच पर्याय उघडा

आता कागद काढा. अर्थाकडे जाण्याआधी प्रत्येक अधोरेखित भागाच्या वाक्यात कर्ता कोणत्या रूपात आहे ते बघा. एवढ्यानेच कितीतरी पर्याय गळतात.

कर्त्याला 'ने' किंवा 'नी' असेल तर क्रियापद 'केली, केली आहे, केली होती' अशा रूपांचे किंवा 'करावी' असे लागते. 'समितीने पाहणी करते', 'समितीने पाहणी करत होती' ही वाक्ये होत नाहीत. म्हणून ३(क) इथेच बाद.

'ने' असताना 'करण्यात आली' हेही चालत नाही. ही चूक इतकी पसरली आहे की छापील निवेदनांतही ती दिसते: 'समितीने पाहणी करण्यात आली', 'मंडळाने शिबिर आयोजित करण्यात आले'. 'करण्यात आली' म्हटले की काम करणारा आधीच मागे गेलेला असतो. त्याचा उल्लेख करायचाच असेल तर 'समितीकडून' किंवा 'समितीतर्फे' म्हणावे लागते. एकतर 'समितीने पाहणी केली' म्हणा, नाहीतर 'समितीकडून पाहणी करण्यात आली'. यावरून ३(अ) आणि ६(क) दोन्ही गेले. 'समितीने पाहणी झाली' मध्येही तोच गोंधळ आहे. 'होणे' हे अकर्मक क्रियापद, त्याला 'ने'चा कर्ता नको. ३(ड)ही गेला आणि उरला फक्त ३(ब) पाहणी केली. सहाव्यात 'समितीने बोलावते' हेही होत नाही, त्यामुळे तिथे (अ) आणि (ब) एवढेच उरले.

दोन ठिकाणी जरा जपून.

*मी, आम्ही, तू, तुम्ही* यांना 'ने' दिसत नाही, पण काम तसेच चालते. 'आम्ही नमुने घेतले' यात क्रियापद 'नमुने'प्रमाणेच आहे. 'ने' नाही म्हणून इथे 'आम्ही नमुने घेतलो' असा पर्याय बरोबर ठरत नाही.

दुसरे, काही क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात 'ने' लागत नाही. *म्हणणे* (म्हणाला), *बोलणे, शिकणे, विसरणे, नेसणे* ही त्यातली रोजची. 'ती छत्री विसरली', 'तो गाणे शिकला', 'ती साडी नेसली'. आपल्या परिच्छेदात 'अध्यक्ष म्हणाले' हे पक्के आहे. ते अधोरेखित असते तर पर्यायांत 'अध्यक्षांनी म्हणाले' नक्की आले असते, आणि ते चूक आहे. 'ने' हवाच असेल तर 'अध्यक्षांनी म्हटले' किंवा 'अध्यक्षांनी सांगितले'.

## पायरी ४: काळाचे निर्णय

मुख्य काळ साधा भूत आहे हे ठरलेच आहे. आता प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट कथेच्या ओळीत आहे, त्याआधीची आहे की अजूनही तशीच आहे?

भाग २. टाकी गावाच्या उत्तरेला आहे ही त्या दिवशीची घटना नव्हे. शिवाय वाक्याचा दुसरा अर्धा भाग 'आजही पाणी जाते' असे सांगतो. टाकी 'होती' म्हटले तर ती आता तिथे नाही असा अर्थ निघतो आणि आजही पाणी जाते याच्याशी तो भांडतो. उत्तर (ब) आहे. भूतकाळाच्या परिच्छेदात हा वर्तमानकाळ खटकतो म्हणून बरेचजण 'होती' तसेच ठेवतात. कायम असलेली वस्तुस्थिती वर्तमानात राहू द्यावी.

भाग ४. झाकण उडणे हे पाहणीच्या आठवडाभर आधीचे. 'उडते' काळात बसत नाही. 'उडवले गेले' म्हटले की कोणीतरी ते मुद्दाम उडवले असा वास येतो. इथे वादळ आहे, माणूस नाही. राहिले 'उडाले' आणि 'उडाले होते'. खरे तर 'उडाले' हे व्याकरणाने चूक नाही, 'आदल्या आठवड्यातल्या' या शब्दांनी काळ सांगितलेलाच आहे. पण पुढे 'तेव्हापासून पडत होता' असे येते. मागे घडून गेलेली गोष्ट आणि तिचा त्या दिवसापर्यंत चालत आलेला परिणाम, अशी ही जोडी आहे. पूर्ण भूतकाळाने ती नीट बसते, आणि 'उडाले' ठेवले तर पाहणी, झाकण उडणे आणि नमुने घेणे एका रांगेत आल्यासारखे वाटते. म्हणून (ब) उडाले होते.

सावधान: 'होते' लावण्याची सवय हात धरून ओढते. 'समितीने पाहणी केली होती, नमुने घेतले होते, पाठवले होते' अशी वाक्ये अहवालांत सर्रास दिसतात. पूर्ण भूतकाळ फक्त मुख्य कथेच्या मागे जायचे असेल तेव्हा. ५(ड) 'पाठवले होते' याच कारणाने बाद होतो. नमुने आधी घेतले आणि मग पाठवले. पाठवणे हे घेण्याच्या नंतरचे असताना त्याला मागे ढकलता येणार नाही.

भाग ७. सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि चूक करणारे बहुधा इंग्रजी व्याकरण चांगले शिकलेले असतात. इंग्रजीत सांगणाऱ्याचे क्रियापद भूतकाळात असले की त्याने सांगितलेली गोष्टही सहसा एक काळ मागे नेतात. मराठीत 'की' नंतर मूळ बोलण्याचा काळ तसाच राहतो. अध्यक्ष त्या दिवशी प्रत्यक्ष काय बोलले असतील? 'अहवाल येईपर्यंत या पाण्याचा वापर बंद राहील.' तेच वाक्य 'की' नंतर उचलून ठेवायचे. उत्तर (ब) बंद राहील.

'बंद राहणार होता' फार फसवा आहे, कारण तो इंग्रजी वाक्याचा हुबेहूब साचा आहे. मराठी वाचकाला मात्र त्यातून वेगळेच ऐकू येते: बंद राहायचा बेत होता, पण तसे झाले नाही. 'तो येणार होता' म्हटल्यावर आपण लगेच 'मग आला का नाही?' असे विचारतो, ते याचमुळे.

तपासणी: 'की' दिसला की त्यानंतरचे वाक्य अवतरणचिन्हात घालून बोलणाऱ्याच्या तोंडी द्या. ते तसेच बोलले गेले असते का? हो असेल तर काळ बरोबर आहे.

## पायरी ५: काम करणारा दिसतो की लपला आहे

काळाचे प्रश्न मिटल्यावर मांडणीकडे वळा. हे आधी करू नये. भाग ५ मध्ये 'पाठवले जातात' पाहून कोणी आधी 'जातात की आले' यावर वाद घालत बसला, तर काळाने केव्हाच बाद झालेल्या पर्यायावर वेळ जातो. (अ) वर्तमानात आहे, बाद. (ड) वर गेलाच. आता (ब) 'पाठवले' आणि (क) 'पाठवण्यात आले' समोरासमोर आहेत. दोन्ही भूतकाळात, दोन्ही 'ते' (नमुने) या कर्माशी जुळणारी.

वाक्याची सुरुवात बघा: 'सदस्यांनी पाण्याचे दोन नमुने घेतले आणि…'. काम करणारे सदस्य उघड समोर आहेत आणि 'आणि'ने तोच कर्ता पुढे नेला आहे. मधेच 'पाठवण्यात आले' म्हटले की वाक्याच्या अर्ध्यात सदस्य गायब होतात आणि नमुने नेमके कोणी पाठवले हा प्रश्न उरतो. म्हणून (ब) पाठवले.

पाठवणारे दुसरेच असते, म्हणजे वाक्य 'सदस्यांनी नमुने घेतले. त्याच दुपारी ते तालुक्याहून प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आले' असे असते, तर (क) चालला असता. पूर्णविरामाने कर्त्याचा धागा तुटला असता आणि पाठवणारा कोण हे सांगायची गरजही नसती. 'करण्यात आले' वाईट आणि 'केले' चांगले असे काही नाही. करणारा कोण हे माहीत नसेल, सांगायचे नसेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तर ते रूप योग्यच आहे. करणारा आधीच सांगून झाल्यावर त्याला लपवणे तेवढे चूक.

तपासणी: 'करून', 'घेऊन', 'पाहून' अशी रूपे असलेले वाक्य आले की जास्त सावध व्हा. 'पाहणी करून समिती परतली' बरोबर, कारण पाहणी करणारी आणि परतणारी एकच. 'पाहणी करून अहवाल तयार झाला' यात पाहणी केली कोणी? अहवालाने तर नाही.

## पायरी ६: लिंग, वचन आणि 'ला'

आता उरला भाग ६. 'झाकण बसवणाऱ्या कामगाराला समितीने तिथेच (अ) बोलावला (ब) बोलावले'. कामगार पुल्लिंगी म्हणून 'बोलावला' बरोबर वाटते, आणि बोलण्यात ते पुष्कळदा ऐकूही येते. पण कर्माला 'ला' लागला की प्रमाण मराठीत क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. कामगाराला बोलावले, कामगारांना बोलावले, अध्यक्षबाईंना बोलावले: तिन्हींत रूप एकच. उत्तर (ब) बोलावले.

'ला' नसेल तर उलटे. 'नमुना पाठवला, नमुने पाठवले, बाटली पाठवली'. 'करण्यात' असलेल्या वाक्यांतही हेच चालते: 'निर्णय घेण्यात आला, भूमिका घेण्यात आली, नमुने घेण्यात आले', पण 'कामगाराला बोलावण्यात आले'. क्रियापदाचे शेवटचे अक्षर तपासण्याआधी कर्माचे शेवटचे अक्षर तपासा.

## पायरी ७: पहिल्या वाक्याकडे परत या

भाग १ आतापर्यंत राखून ठेवला होता. 'पोहोचत असे' म्हणजे नेहमीची रीत, ती '१२ मार्चला' या एका दिवसाशी जुळत नाही. 'पोहोचली आहे' म्हणजे समिती अजून टाकीपाशीच आहे, आणि शेवटचे वाक्य तर 'परतली' म्हणते. 'पोहोचते'ला एकाही पक्क्या क्रियापदाचा आधार नाही. उत्तर (ब) पोहोचली. शेवटच्या वाक्यात कर्ता तोच आहे, क्रियापद तसेच अकर्मक आहे. एवढी सरळ खूण समोर असताना पहिले वाक्य पहिल्यांदा सोडवण्याची घाई कशाला?

सगळी उत्तरे (ब) आली आहेत. पाहायला सोयीचे म्हणून इथे तसे ठेवले आहे, खऱ्या पेपरात तसे होत नाही.

जुळवलेला परिच्छेद असा:

> १२ मार्चला सकाळी पाणीपुरवठा समिती टेकडीवरच्या टाकीपाशी पोहोचली. ही टाकी गावाच्या उत्तरेला आहे आणि तिच्यातून आजही तीन वाड्यांना पाणी जाते. समितीने प्रथम टाकीच्या भिंतींची पाहणी केली. आदल्या आठवड्यातल्या वादळात टाकीचे झाकण उडाले होते आणि तेव्हापासून आत पालापाचोळा पडत होता. सदस्यांनी पाण्याचे दोन नमुने घेतले आणि त्याच दुपारी ते प्रयोगशाळेकडे पाठवले. झाकण बसवणाऱ्या कामगाराला समितीने तिथेच बोलावले. अध्यक्ष म्हणाले की अहवाल येईपर्यंत या पाण्याचा वापर बंद राहील. संध्याकाळी समिती गावात परतली.

भरलेली उत्तरे एकदा सलग, शक्य तर ओठ हलवून वाचा. वाचताना 'कोणी?' असे मनात आले तर मांडणी कुठेतरी बदलली आहे. 'केव्हा?' असे आले तर काळ.

## परिच्छेद सूचनांचा किंवा कृतीचा असेल तर

घटना सांगणाऱ्या परिच्छेदाऐवजी एखादी कृती समजावणारा परिच्छेद आला, की पायऱ्या त्याच राहतात, पण पाचव्या पायरीचे पारडे फिरते. तिथे काम करणाऱ्याला महत्त्वच नसते. टाकी कशी धुतात हे सांगणारा परिच्छेद मराठीत तीन तऱ्हांनी सुसंगत लिहिता येतो:

आधी टाकी रिकामी केली जाते, तळातला गाळ काढला जातो, मग भिंती घासल्या जातात.

आधी टाकी रिकामी करतात, तळातला गाळ काढतात, मग भिंती घासतात.

आधी टाकी रिकामी करावी, तळातला गाळ काढावा, मग भिंती घासाव्यात.

दुसऱ्या तऱ्हेत कर्ता लिहिलेला नाही, तरी वाक्य अपुरे नाही. मराठीत हे अगदी रोजचे आहे आणि 'केली जाते'पेक्षा कानाला हलकेही. पण पर्यायांत 'करतात' दिसले की अनेकजण 'कर्ता कुठे आहे?' म्हणून ते उडवतात. कर्ता नसणे हा इथे दोष नाही. पक्क्या क्रियापदांतली बहुसंख्य कोणत्या तऱ्हेची आहेत ते मोजा आणि त्याच तऱ्हेत राहा. 'टाकी रिकामी करतात, गाळ काढला जातो, भिंती घासाव्यात' यातले प्रत्येक वाक्य एकेकटे शुद्ध आहे, परिच्छेद मात्र बिघडलेला आहे.

अशा परिच्छेदात मधेच 'कामगार भिंती घासतात' असा पर्याय आला तर त्यापुढच्या वाक्याकडे बघा. पुढे 'त्यांना हातमोजे द्यावे लागतात' असे काही पक्के वाक्य असेल, तर 'त्यांना' म्हणजे कोणाला हे सांगण्यासाठी कामगार वाक्यात यायलाच हवेत आणि तोच पर्याय बरोबर ठरतो.